साठ हजार बाइटांत शंभर कोटी

मूळ संख्यांची एक शर्यत आहे. २, ५, ११, १७ या मूळ संख्यांना तीनने भागलं की बाकी २ उरते. ७, १३, १९, ३१ यांना भागलं की १ उरते. शंभरपर्यंत मोजलं तर बाकी २ वाल्या तेरा आणि बाकी १ वाल्या अकरा भरतात, आणि ३ स्वतः कुठल्याच बाजूला नाही. हजारापर्यंत मोजा, लाखापर्यंत मोजा, बाकी २ वाल्यांची संख्या कधीच मागे पडत नाही. चारने भागल्यावर दिसणारा असाच कल पाफ्नुती चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाने १८५३ साली एका पत्रात लिहून ठेवला होता. मागची बाजू कधीतरी पुढे जाणार हे गणिताने सिद्ध होत होतं, पण कुठे, ते सांगता येत नव्हतं. ते ठिकाण कार्टर बेज आणि रिचर्ड हडसन यांना १९७६ च्या नाताळात सापडलं: ६,०८,९८,१८,१३,०२९. म्हणजे जवळजवळ ६१ हजार कोटी.

इथे निव्वळ मोजणीच्या सूत्रांनी भागत नाही. अमुक संख्येपर्यंत मूळ संख्या एकूण किती, हे एकेक संख्या न शोधताही काढता येतं. एकोणिसाव्या शतकात माइसेल या जर्मन गणितज्ञाने तसं केलंही. पण बाजू नेमक्या कोणत्या संख्येवर पालटते ते पाहायचं तर वाटेतली प्रत्येक मूळ संख्या ओळीने समोर यावी लागते. बेज आणि हडसन यांनी ती ज्या रीतीने आणली, तिच्यावरचा त्यांचा लेख १९७७ साली प्रसिद्ध झाला. रीतीचं बीज मात्र आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलेलं आहे.

एक ते शंभर संख्यांचा तक्ता मांडायचा. १ खोडायचा. २ ला गोल करून त्याचे पुढचे सगळे पट खोडायचे, मग ३ चे, मग ५ चे, मग ७ चे. इथे थांबायचं, जे उरलं ते मूळ. ७ वर थांबण्याचं कारण बाई फळ्यावर लिहीत असत, पण ते बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. शंभरच्या आतली संयुक्त संख्या दोन अवयवांचा गुणाकार आहे, आणि दोन्ही अवयव दहापेक्षा मोठे असतील तर गुणाकार शंभरच्या पुढे जाईल. म्हणून एक अवयव दहा किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे, आणि दहाच्या आत मूळ संख्या चारच. इरॅटोस्थेनिसच्या या चाळणीत भागाकार कुठेच नाही. नुसती उडी मारत जायचं आणि खोडायचं. संगणकाला हे फार मानवतं, कारण भागाकार हे त्याच्या महागड्या कामांपैकी एक आहे.

पंचाईत तक्त्याची आहे. शंभर कोटींपर्यंत जायचं आणि प्रत्येक संख्येला एक बाइट दिला तर तक्ता एक जीबीचा होतो. सम संख्या मुळात मांडल्याच नाहीत आणि प्रत्येक विषम संख्येला एकच बिट दिला तर तो साडेबासष्ट एमबीवर येतो. ही काटकसर चांगली, पण तिला अंत आहे. बेज-हडसन यांची मजल लाख कोटींची होती, म्हणजे एकावर बारा शून्यं. त्या मर्यादेला हाच काटकसरीचा तक्ताही साडेबासष्ट जीबीचा होतो. आजच्या चांगल्या लॅपटॉपमध्येही तो मावत नाही, मग १९७६ ची गोष्टच नको.

कागदावर चाळणी करणाऱ्यांनी हा प्रश्न नकळत सोडवला होता, कारण कागदाला पान असतं. प्रागचे प्राध्यापक याकोब कुलिक यांनी जवळजवळ वीस वर्षं खपून दहा कोटींपर्यंतच्या संख्यांच्या अवयवांचे हस्तलिखित खंड तयार केले. १८६३ साली ते वारले, खंड व्हिएन्नाच्या अकादमीकडे गेले, कधी छापले गेले नाहीत, आणि त्यांतला दुसरा हरवला. पुढे अमेरिकेत डेरिक नॉर्मन लेहमर यांनी १९१४ साली एक कोटीच्या थोडं पुढपर्यंतच्या मूळ संख्यांची छापील यादी काढली. (तिची सुरुवात १ पासून होते, तेव्हा १ ला मूळ मानणारे अजून होते.) मला यात लक्षात राहतो तो हरवलेला दुसरा खंड. तो गेला म्हणून तिसरा चुकीचा ठरला नाही. चाळणीचा एक तुकडा बरोबर येण्यासाठी शेजारचा तुकडा हाताशी असावा लागत नाही. लागतात त्या फक्त वर्गमुळापर्यंतच्या छोट्या मूळ संख्या. खंडवार चाळणी उभी आहे ती एवढ्याच गोष्टीवर.

शंभर कोटींचं वर्गमूळ ३१,६२२ आणि थोडं. त्याच्या आत ३,४०१ मूळ संख्या आहेत. २ सोडला तर ३,४००. ही पायाची यादी शाळेतल्या साध्या चाळणीने क्षणात मिळते. ती हाती घेऊन शंभर कोटींच्या लांब पट्ट्यावर एकेक खंड उचलायचा, चाळायचा, उरलेल्या मूळ संख्या मोजायच्या किंवा लिहून घ्यायच्या, आणि तीच जागा पुसून पुढच्या खंडासाठी वापरायची.

एक खंड हातानेच करून पाहू, म्हणजे यातली बारीक गोष्ट दिसेल. १००१ ते १०४९ या पंचवीस विषम संख्या घ्या. त्यांना शून्यापासून चोवीसपर्यंत नंबरांची घरं द्या: १००१ शून्याव्या घरात, १००३ पहिल्या, १०४९ चोविसाव्या. वर्गमूळ ३२ च्या आसपास आहे, तेव्हा पायाच्या संख्या ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९ आणि ३१. आता ७ घ्या. १००१ ला ७ ने पूर्ण भाग जातो, म्हणून खोडणं शून्याव्या घरापासून सुरू. सातचा पुढचा विषम पट १४ ने पुढे असतो. घरांत मोजलं तर बरोबर सात घरं. शून्य, सात, चौदा, एकवीस, म्हणजे १००१, १०१५, १०२९, १०४३. पुढची उडी अठ्ठाविसाव्या घरावर पडते, पण घरं पंचवीसच. तेव्हा अठ्ठावीसमधून पंचवीस वजा करायचे आणि उरलेले ३ सातच्या नावाने लिहून ठेवायचे. पुढचा खंड १०५१ पासून सुरू होतो. त्याचं तिसरं घर १०५७, आणि १०५७ म्हणजे ७ गुणिले १५१. नव्या खंडात सातला आपली जागा शोधावी लागलीच नाही. बेरजेत हातचा घ्यावा तसा तो मागच्या खंडातून आला.

दहाही संख्यांचं खोडून झालं की घरांत उरतात १००९, १०१३, १०१९, १०२१, १०३१, १०३३, १०३९ आणि १०४९. आठ. बाकीच्या सतरा गेल्या. आणखी एक दिसतं: २३ ने फक्त १०३५ खोडली, २९ ने १०१५, ३१ ने १०२३, आणि या तिन्ही आधीच खोडलेल्या होत्या. पायातल्या मोठ्या संख्या खंडात क्वचित येतात आणि बऱ्याचदा आयत्या वेळी काही न करता जातात. म्हणून कुठल्याही संख्येचं खोडणं तिच्या वर्गापासूनच सुरू करतात. ३७ ला १३६९ येईपर्यंत कामच नसतं, कारण त्याच्या आधीचे तिचे सगळे पट एखाद्या लहान संख्येने खोडलेले असतात.

प्रत्यक्ष प्रोग्रामचा गाभा एवढाच:

```c
for (i = 0; i < count; i++) {
    j = next[i];
    while (j < SIZE) {
        seg[j] = 0;
        j += prime[i];
    }
    next[i] = j - SIZE;
}
```

`seg` म्हणजे खंडातली घरं, `SIZE` त्यांची संख्या, आणि `next` मध्ये प्रत्येक पायाच्या संख्येचा हातचा. शेवटून दुसरी ओळ म्हणजे आपलं अठ्ठाविसातून पंचवीस. एका घराला एक बाइट देऊन `SIZE` ३२,७६८ ठेवला तर एका खंडात ६५,५३६ संख्यांचा पट्टा निघतो, आणि शंभर कोटींसाठी असे १५,२५९ खंड होतात. खंडाला ३२,७६८ बाइट. ३,४०० संख्या आणि त्यांचे हातचे, प्रत्येकी चार बाइट, मिळून २७,२००. बेरीज साठ हजाराला थोडी कमीच. फोनमधल्या एका फोटोच्या जागेत हा सगळा कारखाना कित्येकदा मावेल.

पण आजच्या यंत्रांवर जागेची बचत हे खंड पाडण्याचं अर्धंच कारण आहे. एक जीबी मेमरी आता कुणाच्याही फोनमध्ये असते. तरी शंभर कोटींचा अख्खा तक्ता एकदम मांडून चाळला तर तो खंडवार चाळणीपेक्षा लक्षणीय संथ चालतो. कारण मेमरी एकसारखी जवळ नसते. प्रोसेसरच्या अगदी पोटात एक छोटी मेमरी असते, सर्वांत आतली कॅश, साधारण ३२ किंवा ४८ केबीची. तिच्यातला बाइट प्रोसेसरच्या चार-पाच ठोक्यांत मिळतो. बाहेरच्या मुख्य मेमरीतून आणायचा तर दोनशेच्या वर ठोके सहज जातात. ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यातून मोहरी घेणं आणि प्रत्येक चिमटीसाठी माळ्यावर चढणं, असा हा फरक. अख्ख्या तक्त्यावर ३१,००० च्या उडीने खोडत जाणारा प्रोग्राम प्रत्येक उडीला माळ्यावर चढतो. खंड ३२ केबीचा ठेवला की सगळं खोडणं डब्यातच होतं.

मग खंड आणखी लहान का नको? इथे हिशेब उलटतो, आणि तो मला या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो. मर्यादा लाख कोटींची असेल तर पाया दहा लाखांपर्यंतचा होतो, ७८,४९८ मूळ संख्यांचा. खंड तेच ६५,५३६ संख्यांचे ठेवले तर त्यांची संख्या दीड कोटीच्या वर जाते. प्रत्येक खंडात प्रत्येक पायाच्या संख्येला विचारावं लागतं, तुझा पट इथे येतो का? हे नुसतं विचारणंच सुमारे १ लाख २० हजार कोटी वेळा होतं. प्रत्यक्ष खोडण्याचा आकडाही जवळपास तेवढाच आहे. दहा लाखांजवळच्या मूळ संख्येचा विषम पट तीस खंडांत एकदा येतो. उरलेल्या एकोणतीस वेळा प्रोग्राम तिचा हातचा बघतो, खंडाएवढा कमी करतो आणि रिकाम्या हाताने पुढे जातो. म्हणून खंडाची लांबी मर्यादेच्या वर्गमुळाएवढी तरी असावी, असा संकेत आहे. लाख कोटींसाठी दहा लाख संख्यांचा खंड, विषमच ठेवून आणि घराला एक बिट देऊन, साडेबासष्ट हजार बाइटांत बसतो. सर्वांत आतल्या कॅशमध्ये तो मावणार नाही, पण तिच्या बाहेरच्या, थोड्या संथ पण बऱ्याच मोठ्या दुसऱ्या कॅशमध्ये आरामात मावतो.

आता चुका. खंडवार चाळणीत त्या खंडाच्या काठावर होतात, आणि त्यांचा त्रास असा की उत्तर दिसायला ठीक असतं. समजा पट्ट्याच्या मधूनच सुरुवात करायची आहे, मागचा हातचा नाही. मग पहिला पट भागाकाराने काढावा लागतो. १००१ नंतरचा तीनचा पहिला पट १००२. तो सम आहे, आपल्या घरांत तो नाहीच. एक तीन आणखी मिळवून १००५ वर जायला हवं. हे विसरणारा प्रोग्राम १००२ मधून १००१ वजा करतो, दोनने भागतो, अर्धं टाकून देतो आणि शून्याव्या घरावर उतरतो. तिथून तीन-तीन घरं टाकत तो १००१ आणि १००७ खोडतो. त्या संयुक्तच आहेत, त्यामुळे काही बिघडत नाही. मग १०१३ खोडतो, १०१९, १०३१, १०४९ खोडतो. चार खऱ्या मूळ संख्या गेल्या. उलट १०१७, १०४१ आणि १०४७ या तीनच्या पटांना कुणी हात लावला नाही, म्हणून त्या मूळ ठरल्या. तीनचा चौथा पट १०११ सुद्धा असाच सुटला असता, पण २३ चा पहिला पट १०१२ देखील सम, तोही त्याच चुकीने १०११ च्या घरात पडला आणि ती खोडून गेला. खंडाची मोजणी येते सात, खरी आठ. यादीतल्या सातपैकी तीन खोट्या असताना आकडा चुकतो एकाने. एका खंडाच्या मोजणीवर विसंबून राहू नये ते यासाठी.

दुसरी चूक वर्गमुळाची. पाया दहा लाख "पर्यंत" घ्यायचा, पण यादीवरच्या फेरीच्या अटीत बरोबरीचं चिन्ह राहून जातं आणि शेवटची मूळ संख्या, ९,९९,९८३, पायातून गळते. परिणाम काय? फक्त दोन संयुक्त संख्या चाळणीतून सुटतात: तिचा वर्ग, आणि तिचा १०,००,००३ शी गुणाकार. पुढची मूळ संख्या १०,००,०३३. तिच्याशी गुणाकार लाख कोटींच्या बाहेर जातो. सदतीसशे कोटींच्या यादीत दोन खोट्या संख्या, त्याही अगदी शेवटी. नमुन्यादाखल चार पानं तपासून त्या हाती लागणार नाहीत.

तिसरी सर्वांत ढोबळ. ४६,३४० च्या पुढच्या संख्येचा वर्ग ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावत नाही आणि ऋण होऊन बसतो. खोडणं मग तक्त्याच्या बाहेर, मागे कुठेतरी सुरू होतं. प्रोग्राम कोसळला तर नशीब. शेजारची मेमरी पुसत तो चालत राहिला तर शोधाशोध लांबते.

तपासाचा उपाय जुनाच आहे आणि अजून त्याहून चांगला नाही: प्रत्येक दहाच्या घातापाशी एकूण मोजणी माहीत आकड्यांशी ताडायची. हजारापर्यंत १६८, दहा लाखांपर्यंत ७८,४९८, शंभर कोटींपर्यंत ५,०८,४७,५३४, लाख कोटींपर्यंत ३७,६०,७९,१२,०१८. वरची दोन खोट्या संख्यांची चूक इथे पकडली जाते, कारण शेवटी ०१८ ऐवजी ०२० येतो. मग तेच काम वेगळ्या लांबीचे खंड पाडून पुन्हा करायचं. काठाच्या चुका खंडाची लांबी बदलली की जागा बदलतात, आणि उत्तरही बदलतं. कागदावरच्या आकड्यांवरही डोळे मिटून भिस्त नको: माइसेल यांनी १८८५ साली दिलेला शंभर कोटींचा आकडा ५६ ने कमी होता, आणि तो दुरुस्त व्हायला १९५९ उजाडलं.

कधी चाळणी बरोबर असते आणि यंत्रच चुकतं. व्हर्जिनियातले प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्या, म्हणजे दोनच्या अंतरावरच्या जोड्या, शोधून त्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. १९९४ साली नव्या पेंटियम संगणकावरची उत्तरं इतर यंत्रांशी जुळेनात. प्रोग्राम, कंपायलर सगळ्यांवरचा संशय एकेक करून फेडत महिन्यांनी ते चिपपर्यंत पोहोचले. ८,२४,६३,३७,०२,४४१ आणि तिची जुळी यांनी एकाला भागलं की दहाव्या अंकाच्या आसपास उत्तर बिघडत होतं. चिपमधल्या भागाकाराच्या कोष्टकातल्या पाच जागा रिकाम्या राहून गेल्या होत्या. इंटेलने या प्रकरणापोटी ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले.

मर्यादा आणखी ताणली की साधी खंडवार चाळणीही अपुरी पडते. पोर्तुगालमधल्या आवेइरो विद्यापीठाचे तोमाश ओलिव्हेइरा इ सिल्वा यांनी दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते हे गोल्डबाखचं अनुमान चारावर अठरा शून्यं इतक्या संख्येपर्यंत तपासलं. तिथे पाया दोनशे कोटींपर्यंत जातो. वर्गमुळाएवढा खंड कुठल्याच कॅशमध्ये मावेना आणि लहान खंड केले तर रिकाम्या फेऱ्या. म्हणून तिथे मोठ्या मूळ संख्यांना प्रत्येक खंडात विचारत नाहीत. पुढे येणाऱ्या खंडांसाठी एकेक पेटी ठेवतात. एखाद्या मूळ संख्येचा पुढचा पट ज्या खंडात पडणार, त्याच्या पेटीत ती संख्या टाकून द्यायची. त्या खंडाची पाळी आली की फक्त त्याची पेटी उघडायची, आतल्या प्रत्येकीने एकेक घर खोडायचं आणि ती उचलून पुढच्या योग्य पेटीत टाकायची. ज्यांचं काम नाही त्यांना कुणी हात लावत नाही. सर्वांना मोफत मिळणारा `primesieve` हा प्रोग्रामही मोठ्या मर्यादांसाठी अशाच पेट्या वापरतो.

राहता राहिली ती यादी. शंभर कोटींच्या आतल्या पाच कोटी मूळ संख्या चार-चार बाइटांत लिहिल्या तर दोनशे एमबी लागतात, साडेबासष्ट एमबीच्या तक्त्याच्या तिप्पट. त्यांच्याऐवजी लगतच्या दोन संख्यांमधल्या अंतराचं निम्मं लिहिलं तर प्रत्येकी एक बाइट पुरतो, कारण या टापूतलं सर्वांत मोठं अंतर २८२ आहे. लाख कोटींसाठी मात्र असं लिहूनही सदतीस जीबी होतात. म्हणून या कामातली माणसं यादी जपत बसत नाहीत. खंड चाळायचा, हवं ते मोजायचं, पुसायचं; पुन्हा लागला तर पुन्हा चाळायचा. डिस्कवरून तो वाचून आणण्यापेक्षा नव्याने चाळणं बऱ्याचदा लवकर होतं.